२४० नियमांतून निघालेला ‘सर्वांत चांगला’ नियम पैसे लावण्याआधी कसा पारखावा

नागपूरच्या धरमपेठेतले चार मित्र धरू. नोकरी-दुकान सांभाळून ते संध्याकाळी निफ्टीवर बॅकटेस्ट करतात. नियम साधाच आहे: छोटी मूव्हिंग ॲव्हरेज मोठीच्या वर गेली की खरेदी, खाली आली की बाहेर. छोट्या सरासरीसाठी ५, १०, १५, २०, २५ आणि ३० दिवस असे सहा आकडे घेतले, मोठीसाठी ५०, ७५, १००, १५० आणि २०० असे पाच. त्यांच्या ३० जोड्या झाल्या. प्रत्येक जोडी एकदा फक्त लाँग आणि एकदा लाँग-शॉर्ट अशी चालवली, म्हणजे ६० प्रकार. स्टॉप लॉस चौघांनी वाटून घेतला: एकाने लावलाच नाही, बाकीच्यांनी १, २ आणि ३ टक्के. आठ वर्षांचा दैनिक डेटा, म्हणजे साधारण १,९८४ दिवस. शेवटी चौघांचे निकाल शेजारी ठेवले तेव्हा २ टक्के स्टॉप लॉसवाल्याचा २०/१०० लाँग-शॉर्ट नियम पहिला आला. खर्च वजा जाता त्याचा वार्षिक शार्प रेशो, म्हणजे सरासरी परतावा भागिले परताव्याचे चढउतार, ०.९५.

आता प्रश्न असा की त्यावर पाच लाख लावायचे का. या लेखात हा एकच प्रश्न शेवटपर्यंत सोडवायचा आहे. आकडे उदाहरणाचे आहेत, पण पायऱ्या जशाच्या तशा स्वतःच्या नियमांवर चालवता येतील. पायथॉनची जुजबी ओळख असली तरी पुरे.

आधी साधी परीक्षा, आणि ती का फसवते

शार्प रेशोवरून नियमाचा टी-आकडा काढणं सोपं आहे: वार्षिक शार्पला वर्षांच्या वर्गमुळाने गुणायचं. आठचं वर्गमूळ २.८३, म्हणून ०.९५ × २.८३ = २.६९. नियमात काहीच दम नसताना एवढा किंवा याहून मोठा आकडा निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता ०.००३६ निघते, म्हणजे हजारात चारहूनही कमी. या शक्यतेलाच पी-व्हॅल्यू म्हणतात. पाच टक्क्यांची नेहमीची मर्यादा धरली तर नियम दणक्यात पास होतो.

पण हे गणित एका गृहीतावर उभं आहे: नियम आधी ठरवला आणि एकदाच तपासला. इथे तसं घडलेलं नाही. इथे २४० नियम चालवले आणि त्यातला सगळ्यात वरचा उचलला. कळमन्याच्या बाजारात ढिगातलं सगळ्यात देखणं संत्रं हातात घेऊन कोणी अख्ख्या ढिगाचा भाव ठरवत नाही, कारण ते फळ निवडूनच उचललेलं असतं. पहिल्या आलेल्या नियमाचा शार्प असाच निवडून उचललेला असतो. त्याची तुलना शून्याशी करून चालत नाही. दम नसलेल्या २४० नियमांतला सगळ्यात नशीबवान नियम कुठवर जाऊ शकतो, त्या आकड्याशी करावी लागते.

तो आकडा लॅपटॉपवर मिनिटभरात पाहता येतो:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
R = rng.normal(0, 0.01, (1984, 240))
S = R.mean(0) / R.std(0, ddof=1) * np.sqrt(248)
print(S.max())
```

यात बाजार नाही, नियम नाही, निव्वळ यादृच्छिक आकडे आहेत. `7` च्या जागी दुसरे आकडे घालून पंधरा-वीस वेळा चालवा. सगळ्यात मोठा शार्प बहुतेक वेळा ०.८ ते १.३ च्या दरम्यान येईल, सरासरी १ च्या आसपास. गणितही तेच सांगतं: एकमेकांशी संबंध नसलेल्या २४० चाचण्यांतला सर्वांत मोठा टी-आकडा सरासरीने २.८ असतो, त्याला २.८३ ने भागलं की शार्प जवळपास १ येतो. म्हणजे आपल्या मित्रांचा ०.९५ हा या हिशेबाने नशिबाच्या सरासरीएवढाही नाही.

यावर जिंकलेला मित्र म्हणेल, “भाऊ, मी तर साठच पाहिले.” साठांत नशिबाचा सर्वोत्तम शार्प सरासरी ०.८२ असतो, म्हणजे ०.९५ त्याच्या वर आहे. पण निवड साठांतून झालेली नाही. चौघांचे निकाल एकत्र ठेवून जो वर दिसला तो घेतला. दुसऱ्या कोणाचा नियम वर आला असता तर त्यावर पैसे लागले असते. म्हणून मोजायचे २४०च. एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा जण आपापले बॅकटेस्ट टाकत असतील आणि त्यातला चांगला दिसणारा तुम्ही घेत असाल, तर त्या दहाही जणांनी गुपचूप टाकून दिलेले प्रयोग तुमच्या मोजणीत येतात. ते किती होते हे कळायला मार्ग नसतो, म्हणून बाहेरून आलेल्या नियमाचा छापील शार्प कधीच हिशेबात धरू नये. तो फक्त एक कल्पना म्हणून घ्यावा आणि आपल्याकडे नव्याने तपासावा.

प्रयोगांची वही

दुरुस्तीची कोणतीही पद्धत घ्या, तिला प्रयोगांची खरी संख्या लागते. आणि ही संख्या नंतर आठवून सांगता येत नाही. म्हणून पहिला बॅकटेस्ट चालवण्याआधी एक फाइल उघडायची, `trials.csv`. प्रत्येक प्रयोगाला एक ओळ: तारीख, कल्पना एका वाक्यात, सगळे आकडे, डेटाचा कालखंड, धरलेला खर्च, शार्प, आणि पुढे नेला की टाकला व का. ही नोंद हाताने ठेवू नका. बॅकटेस्टच्या फंक्शनमध्येच शेवटी ओळ लिहिण्याची सोय करा, म्हणजे चालवलं की नोंद झालीच. त्यासोबत प्रत्येक नियमाचा रोजचा परतावा वेगळ्या फाइलमध्ये साठवा, टाकून दिलेल्या नियमाचाही. पुढच्या परीक्षेला तोच लागणार आहे आणि बहुतेकांकडे तोच नसतो.

प्रयोग म्हणून जे मोजलं जात नाही ते सगळ्यात घातक ठरतं. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के कोसळला. ४ जून २०२४ रोजी, मतमोजणीच्या दिवशी, जवळपास ६ टक्के पडला. निकाल पाहून झाल्यावर “तो दिवस अपवाद होता” म्हणून वगळला आणि पुन्हा चालवलं, तर तो नवा प्रयोग झाला. २०१५ ऐवजी २०१६ पासून सुरुवात केली, बंद भावाऐवजी उघडत्या भावाला सौदा धरला, निफ्टीवर चाललं नाही म्हणून बँक निफ्टीवर नेलं, हे सगळे प्रयोगच आहेत. आलेख पाहून “हे काही जमत नाही” म्हणत आकडा न काढताच सोडून दिलेला नियमसुद्धा मोजायचा, कारण डोळ्यांनी निवड झालेलीच असते.

परीक्षेला बसवायचा परतावा आधी नीट करा

दुरुस्तीचं गणित कितीही काटेकोर असलं तरी चुकीच्या परताव्यावर चालवलं तर उत्तर चुकीचंच येतं. तीन गोष्टी आधी पाहा.

आजच्या बंद भावावरून निघालेला इशारा उद्यापासूनच लागू करायचा. कोडमध्ये पोझिशनचा रकाना एक दिवस पुढे सरकवायचा राहिला की शार्प चमत्कारिक वाढतो. ती चूक २४० ही नियमांत सारखीच असल्यामुळे कोणतीही दुरुस्ती तिला पकडत नाही.

खर्च खरा धरायचा. निफ्टीचा निर्देशांक थेट विकत मिळत नाही. फ्युचर्स किंवा ईटीएफ घ्यावा लागतो, त्यावर दलाली, कर आणि भावातली घसट येते. करही बदलतात: १ ऑक्टोबर २०२४ पासून फ्युचर्सच्या विक्रीवरचा एसटीटी ०.०१२५ वरून ०.०२ टक्के झाला. जुन्या काळालाही आजचाच दर लावा. नियम आजपासून पुढे चालवायचा आहे, मागे नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. फक्त लाँग नियम आठ वर्षांपैकी ६५ टक्के दिवस बाजारात असेल, तर चढत्या बाजारात त्याला काहीही अक्कल नसताना नफा दिसेल. तो नफा नियमाचा नाही, निफ्टीचा आहे. म्हणून प्रत्येक नियमाच्या रोजच्या परताव्यातून त्याची सरासरी पोझिशन गुणिले निफ्टीचा त्या दिवसाचा परतावा वजा करा. या उदाहरणात रोज ०.६५ पट निफ्टी वजा होईल. उरतं ते केव्हा आत आणि केव्हा बाहेर, या निर्णयाचं फळ, आणि परीक्षा त्याचीच घ्यायची आहे. हे न करता २४० नियम तपासले तर सगळेच चांगले दिसतात आणि माणूस त्यालाच दुजोरा समजून बसतो. वरचा ०.९५ हा हे सगळं वजा करून आलेला आकडा आहे असं धरू.

बोनफेरोनी: सोपी, कडक, आणि इथे जरा अन्यायी

सर्वांत सोपी दुरुस्ती म्हणजे पी-व्हॅल्यूला प्रयोगांच्या संख्येने गुणायचं. ०.००३६ × २४० = ०.८६. म्हणजे नियम साफ नापास. उलट बाजूने पाहिलं तर मर्यादा ०.०५ भागिले २४०, म्हणजे ०.०००२ होते. ती ओलांडायला टी-आकडा ३.५३, म्हणजे शार्प १.२५ लागला असता.

हिच्यातच थोडी सुधारणा केलेली होल्मची पद्धत १९७९ची आहे. पी-व्हॅल्यू लहानापासून मोठीकडे लावायच्या, पहिलीला २४० ने गुणायचं, दुसरीला २३९ ने, असं पुढे जायचं आणि जी सर्वांत आधी नापास होईल तिथेच थांबायचं. खोटा नियम पास होण्यापासून ती बोनफेरोनीइतकंच संरक्षण देते आणि खऱ्या नियमाला थोडी जास्त संधी देते. म्हणून साधी बोनफेरोनी वापरण्याचं तसं कारण उरत नाही. पहिल्या क्रमांकापुरतं मात्र दोन्हींचं उत्तर एकच असतं.

पण दोघींचीही इथे एक अडचण आहे. त्या २४० चाचण्यांना जणू वेगवेगळ्या समजून सर्वांत वाईट शक्यता धरतात. प्रत्यक्षात २०/१०० आणि २५/१०० हे नियम बहुतेक दिवशी एकाच बाजूला असतात. त्यांचा रोजचा परतावा जवळपास सारखाच चालतो. २४० पैकी खरोखर वेगळे असे कदाचित २०-४० च असतील. तितक्याच संख्येने दुरुस्ती व्हायला हवी, पण ती संख्या अंदाजाने ठरवली तर पुन्हा मनाजोगता आकडा निवडण्याची वाट मोकळी होते. त्यापेक्षा डेटालाच ती ठरवू द्यावी.

संपूर्ण संचाची बूटस्ट्रॅप परीक्षा

हॅल्बर्ट व्हाइट यांनी २००० साली मांडलेली ‘रिॲलिटी चेक’ ही परीक्षा नेमकं हेच करते, आणि माझ्या मते नियमांचा असा एकजातीय संच असेल तर हीच पहिली निवड असावी. कल्पना अशी: प्रत्येक नियमाच्या परताव्यातून त्याची स्वतःची सरासरी वजा करा. आता सगळ्या नियमांतला दम काढून घेतला, पण त्यांचे चढउतार आणि एकमेकांशी असलेलं नातं तसंच राहिलं. या दम नसलेल्या इतिहासाचे तुकडे उलटसुलट जोडून हजारो बनावट इतिहास तयार करा, आणि प्रत्येकात २४० पैकी सर्वांत मोठा टी-आकडा नोंदवा. खऱ्या विजेत्याला त्या यादीशी भिडवा.

तुकडे यासाठी की बाजारातले शांत आणि खवळलेले दिवस गटागटाने येतात. एकेक दिवस सुटा उचलला तर ते गट मोडतात. पॉलिटिस आणि रोमानो यांची १९९४ची पद्धत तुकड्यांची लांबी यादृच्छिक ठेवते. खाली सरासरी लांबी २० दिवस, म्हणजे साधारण एक महिना धरली आहे.

```python
def indices(T, L, rng):
    idx = np.empty(T, dtype=int)
    idx[0] = rng.integers(T)
    for t in range(1, T):
        if rng.random() < 1 / L:
            idx[t] = rng.integers(T)
        else:
            idx[t] = (idx[t-1] + 1) % T
    return idx

def tstat(X):
    return np.sqrt(len(X)) * X.mean(0) / X.std(0, ddof=1)

def max_test(R, B=5000, L=20, seed=1):
    rng = np.random.default_rng(seed)
    t_obs = tstat(R)
    R0 = R - R.mean(0)
    mx = np.array([tstat(R0[indices(len(R), L, rng)]).max()
                   for _ in range(B)])
    p = (1 + (mx[:, None] >= t_obs).sum(0)) / (B + 1)
    return t_obs, p, mx
```

`R` म्हणजे १,९८४ ओळी आणि २४० रकान्यांचा तक्ता: प्रत्येक ओळ एक दिवस, प्रत्येक रकाना एक नियम. साध्या लॅपटॉपवर थोडा वेळ लागतो, तेवढा लागू द्या.

या कोडमधली सगळ्यात मोलाची जागा म्हणजे `R0[indices(...)]`. एकाच दिवसांची निवड सगळ्या २४० रकान्यांना एकदम लागू होते. प्रत्येक रकान्यासाठी वेगळे दिवस उचलले तर नियमांचं आपसातलं नातं तुटतं, २४० नियम पुन्हा वेगवेगळे ठरतात आणि परीक्षा बोनफेरोनीसारखीच कडक होते. उत्तर चुकीचं आहे हे आकड्यावरून कळतही नाही.

दुसरी चूक जास्त धोक्याची आहे. एखाद्या नियमाने आठ वर्षांत एकही सौदा केला नसेल तर त्याचा रकाना सगळा शून्य असतो. शून्य भागिले शून्य म्हणजे `nan`. नमपायचा `max()` एक जरी `nan` दिसला तरी उत्तर `nan` देतो, आणि `nan` शी केलेली प्रत्येक तुलना खोटी ठरते. परिणामी `p` मध्ये सगळ्याच नियमांना १/५००१, म्हणजे ०.०००२ मिळतो. २४० च्या २४० नियम एकदम उत्तम दिसू लागले आणि सगळ्यांची पी-व्हॅल्यू तंतोतंत एकच असली, तर आनंद न मानता `np.isnan(mx).any()` चालवून पाहा. परीक्षेआधीच ५० पेक्षा कमी दिवस बाजारात असलेले नियम बाजूला काढा. ही गाळणी नफा न पाहता, आधी ठरवलेल्या अटीवर होते, म्हणून चालते. मात्र वहीतल्या नोंदी काढायच्या नाहीत.

खऱ्या डेटावर जाण्याआधी हे यंत्र तपासून घ्या. निव्वळ यादृच्छिक २४० रकाने देऊन परीक्षा शंभर वेळा चालवा, दर वेळी नवे रकाने, आणि वेळ वाचवायला `B=500` ठेवा. सर्वांत लहान `p` ०.०५ च्या खाली सुमारे पाच वेळा यायला हवा. दोन-तीन किंवा सात-आठ वेळा आला तर ठीक. पंचवीस वेळा आला तर कुठेतरी गळती आहे. एकदाही आला नाही तर बहुतेक सरासरी वजा करायची राहिली आहे.

मित्रांच्या नियमाचा निकाल

समजा परीक्षा चालवल्यावर ५,००० बनावट इतिहासांपैकी ५३० मध्ये सर्वोत्तम टी-आकडा २.६९ किंवा त्याहून मोठा आला. मग दुरुस्त पी-व्हॅल्यू ५३१ भागिले ५००१, म्हणजे १०.६ टक्के. `mx` ची मधली किंमत २.० निघाली, म्हणजे शार्पच्या भाषेत ०.७१. तिचा ९५ टक्क्यांचा टप्पा २.९३, म्हणजे शार्प १.०४.

याचा अर्थ नीट वाचायचा. कच्चा आकडा ०.३६ टक्के होता, बोनफेरोनीने ८६ टक्के सांगितलं, आणि नियमांचं नातं लक्षात घेतल्यावर १०.६ टक्के आलं. नियम टाकाऊ सिद्ध झाला असं नाही. पण यातल्या कोणत्याही नियमात दम नसता तरी या चौघांना दर दहांतून एकदा इतका चांगला विजेता मिळालाच असता. आणि ०.७१ एवढा शार्प तर नशिबाने निम्म्या वेळा फुकटच मिळतो. आकडा आधी ठरवलेल्या पाच टक्क्यांच्या मर्यादेच्या आत आला नाही, म्हणून पाच लाख लावायचे नाहीत.

इथे मोह होतो तो तुकड्यांची लांबी बदलून पाहण्याचा. १० आणि ४० दिवसांनी परीक्षा जरूर चालवा, पण तिन्ही उत्तरं लिहा आणि सगळ्यात कडक उत्तरावर निर्णय घ्या. ती तिन्ही एकमेकांपासून फार लांब गेली तर डेटातले एक-दोन महिनेच सगळा निकाल ठरवताहेत असं समजा आणि मार्च २०२० पासून शोध सुरू करा.

दुसरा मोह म्हणजे सुमार नियम काढून संच लहान करायचा. व्हाइट यांच्या परीक्षेला हा दोष खरंच आहे की उघड तोट्याचे नियम भरले तर ती विनाकारण कडक होते, आणि पीटर हॅन्सन यांनी २००५ साली त्यावर सुधारित परीक्षा दिली. ती फार खराब नियमांचं वजन एका ठरलेल्या सूत्राने कमी करते. दोष दूर करायचा तर ती वापरा. निकाल पाहून हाताने रकाने पुसणं म्हणजे ज्या निवडीची दुरुस्ती करायची तीच निवड पुन्हा करणं.

“पण शेजारचे १५/१०० आणि २५/१०० पण चांगलेच चालले ना,” हा युक्तिवाद हमखास येतो. शेजारी नियम पडले असते तर ती वाईट खूण होती, एवढं खरं. पण ते चांगले चालले म्हणून तीन साक्षीदार मिळाले असं होत नाही. त्यांनी जवळजवळ तेच सौदे केले, म्हणून साक्षीदार एकच आहे.

वेगवेगळ्या शेअर्सवर चाळणी लावायची असेल तर

प्रश्न वेगळा असला की दुरुस्तीही वेगळी. समजा एकच नियम निफ्टी ५० मधल्या पन्नास शेअर्सवर चालवला आणि पुढच्या अभ्यासासाठी काही शेअर्स निवडायचे आहेत. इथे एकही चुकीचा शेअर नको असा आग्रह नाही. निवडलेल्यांत सरासरी दहातला एक चुकीचा निघाला तरी चालेल. त्यासाठी बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांची १९९५ची पद्धत योग्य. पी-व्हॅल्यू लहानापासून लावा आणि प्रत्येकीची मर्यादा तिचा क्रमांक × ०.१० ÷ ५० अशी काढा.

पहिल्या पाच ०.०००४, ०.००२१, ०.००५०, ०.०११ आणि ०.०१९ असतील, तर मर्यादा ०.००२, ०.००४, ०.००६, ०.००८ आणि ०.०१० होतात. पहिले तीन शेअर आत, चौथा आणि पाचवा बाहेर. पण पाचवीवर थांबू नका, यादी खालपर्यंत तपासा: आपल्या मर्यादेच्या आत बसणारी शेवटची पी-व्हॅल्यू शोधायची आणि तिच्यासकट तिच्या आधीचे सगळे घ्यायचे, मधला एखादा अडखळला असला तरी. होल्मच्या उलट हे आहे, आणि कोड लिहिताना इथेच गल्लत होते.

निवडून आलेल्या तीन शेअर्सवर लगेच पैसे लावू नयेत. ही चाळणी आहे, शेवटची परीक्षा नव्हे.

राखून ठेवलेली दोन वर्षं काय सांगू शकतात

शेवटची दोन वर्षं बाजूला ठेवून त्यावर नियम एकदाच चालवायचा, हा सल्ला चांगला आहे, पण त्याची ताकद फार फुगवून सांगितली जाते. दोन वर्षांत शार्पच्या अंदाजातली चूक १ भागिले वर्गमूळ २, म्हणजे ०.७१ असते. खरा शार्प ०.८ असलेला नियमसुद्धा दोन वर्षांत साधारण आठातून एकदा तोट्यात दिसेल. आणि अजिबात दम नसलेला नियम निम्म्या वेळा नफ्यात दिसेल. म्हणून राखीव डेटा एवढंच सांगू शकतो: कोडमध्ये मोठी चूक होती का, खर्च धरला तसा निघाला का, आणि पडझड बनावट इतिहासांत दिसली त्याहून भयानक आहे का. पास-नापासची अट तो डेटा उघडण्याआधी वहीत लिहा. पाच नियम त्यावर तपासले तर तिथेही पाच प्रयोग झाले, होल्म लावा. नापास झाल्यावर नियम सुधारून पुन्हा तिथेच नेला, तर तो डेटा राखीव उरला नाही.

राखीव काळातच बाजाराची रचना बदललेली असू शकते. १ सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शन्सची मुदत गुरुवारऐवजी मंगळवारी संपू लागली. वारावर बेतलेला नियम त्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे एकच नियम राहत नाही. तारीख टाकून दोन तुकडे करा, नाहीतर राखीव परीक्षा भलत्याच गोष्टीची होते.

मित्रांनी १०.६ टक्क्यांवर थांबून कागदोपत्री किंवा अगदी थोड्या रकमेने नियम चालू ठेवायचा ठरवला, तर तेही वाजवी आहे. पण त्यातून शार्पचा पुरावा मिळेल अशी आशा धरू नये. निवडीतला नशिबाचा वाटा वजा जाता खरा शार्प ०.५ असेल, तर टी-आकडा २ वर जायला सरासरीने १६ वर्षं लागतात. पहिल्या काही सौद्यांत तपासायचं ते वेगळंच: बॅकटेस्टने धरलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यांतला फरक किती, स्टॉप लॉस २ टक्क्यांवर खरंच लागतो की सकाळच्या उडीत ३ टक्क्यांवर, आणि इशारा ज्या दिवशी आला त्याच दिवशी कोडनेही तो दाखवला का. हे फरक सौद्यागणिक मोजता येतात, त्यांना १६ वर्षं लागत नाहीत. सौद्यामागे घसट ०.०५ टक्के धरली होती आणि ०.१५ निघाली, तर तोच आकडा घालून २४० ही नियम पुन्हा चालवा, `trials.csv` मध्ये नव्या ओळी पडू द्या, आणि बूटस्ट्रॅप परीक्षा सगळ्या रकान्यांसह नव्याने घ्या.